ई-मेलच्या पत्त्याचे दोन तुकडे

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयाने शालेय मुलांसाठी प्रयोगांचे एक शिबिर घेतले होते. एकशे शहाऐंशी मुलामुलींनी नावे नोंदविली. कोणी कोणत्या दिवशी, किती वाजता यायचे ते आम्ही प्रत्येकाला ई-मेलने कळविले. सीडीच्या तुकड्यापासून सुंदर वर्णपटदर्शक बनविलेली एक मुलगी मात्र ठरल्या दिवशी आलीच नाही. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला, "सर, मला पत्रच मिळाले नाही!" आम्ही यादी पाहिली. तिचा पत्ता यादीत होता, पत्र पाठविल्याची नोंद होती आणि पत्र परतही आले नव्हते. मग ते गेले कोठे?

उत्तर सापडायला मला अर्धा तास लागला. पत्त्याच्या उत्तरार्धात दोन अक्षरांची अदलाबदल झाली होती. चुकीच्या पत्त्यावरील पत्र नेहमी परत येतेच असे नाही. चुकून टंकलेले नाव दुसऱ्याच कोणाच्या तरी मालकीचे असले, तर पत्र निमूटपणे तिकडे जाऊन पडते. एकशे शहाऐंशी पत्ते डोळ्यांनी तपासताना अशी चूक हमखास निसटते. पण प्रत्येक पत्त्याचे दोन तुकडे करून ते वेगवेगळ्या स्तंभांत मांडले, तर हीच चूक आपण होऊन वर येते. हे तुकडे स्प्रेडशीटमधील सूत्रांनी कसे करायचे, ते आज पाहू. तुमच्या शाळेच्या संगणकावर एक्सेल असो वा लिब्रेऑफिस, सूत्रे तीच चालतील. काही संगणकांवर सूत्रातील स्वल्पविरामाच्या जागी अर्धविराम द्यावा लागतो, एवढाच फरक.

आधी पत्त्याची रचना ध्यानात घ्या. @ हे चिन्ह तुम्ही दुकानाच्या बिलावर पाहिले असेल. '१२ वह्या @ ४० रुपये' म्हणजे प्रत्येकी चाळीस रुपये दराने. १९७१ साली अमेरिकेतील केंब्रिज येथे रे टॉमलिन्सन नावाचा अभियंता एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर निरोप धाडण्याच्या खटपटीत होता. कोणाला पाठवायचे आणि तो माणूस कोणत्या संगणकावर आहे, या दोन गोष्टी एका ओळीत लिहायच्या होत्या आणि मध्ये कुंपण म्हणून काहीतरी हवे होते. टंकयंत्राच्या कळपाटावर @ होतेच. ते कोणाच्याही नावात येत नसे आणि इंग्रजीत त्याचा अर्थ 'अमुक ठिकाणी' असाही होतो. त्याने तेच निवडले.

आजही @ च्या डावीकडे वापरणाऱ्याचे नाव आणि उजवीकडे त्याची टपालपेटी जेथे आहे त्या ठिकाणाचे नाव असते. या उजव्या भागाला 'डोमेन' म्हणतात. टिंबे दोन्ही भागांत असू शकतात, म्हणून टिंबाचा कुंपण म्हणून उपयोग नाही.

खऱ्या मुलांचे पत्ते मासिकात छापायचे नसतात, म्हणून मी नद्यांची नावे घेतली आहेत. `example.org` यासारखी डोमेने १९९९ साली केवळ उदाहरणांसाठी राखून ठेवण्यात आली. त्यामुळे आपला सराव कोणाच्या टपालपेटीत जाऊन पडण्याची भीती नाही. आता A स्तंभात, दुसऱ्या ओळीपासून, हे पत्ते भरा.

```
bhima.7b@example.org
indrayani@example.org
koyna@EXAMPLE.ORG
nira@exmaple.org
```

B2 या चौकटीत तूर्त फक्त `=A2` लिहा. हा उपद्व्याप कशासाठी, असे तुम्ही म्हणाल. प्रयोगवहीत आपण मूळ वाचन खोडत नाही; दुरुस्त वाचन शेजारच्या रकान्यात लिहितो. इथेही तसेच करायचे आहे. पुढील सर्व सूत्रे B वर चालतील आणि A ला आपण हातही लावणार नाही.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण सारी खुबी तिच्यातच आहे. संगणकाला नाव कळत नाही, डोमेन कळत नाही आणि 'भीमा' ही नदी आहे हेही कळत नाही. त्याला फक्त मोजता येते. चौकटीतील मजकूर म्हणजे त्याच्या लेखी एक पट्टी आहे. तिच्यावर पहिले अक्षर १ या खुणेवर, दुसरे २ वर, असे ओळीने बसलेले असते. टिंब, अंक आणि रिकामी जागा हीसुद्धा त्याच्या दृष्टीने अक्षरेच. तेव्हा पहिला प्रश्न हा की कुंपण कितव्या खुणेवर आहे? C2 मध्ये हे सूत्र लिहा.

```
=FIND("@",B2)
```

उत्तर ९ येईल. बोट ठेवून मोजा. `bhima` ची पाच अक्षरे, मग टिंब, मग ७, मग b, अशी आठ झाली आणि नववे कुंपण. म्हणजे डावीकडील तुकडा आठ अक्षरांचा, कुंपणाच्या क्रमांकापेक्षा एकाने कमी. मजकुराच्या डाव्या टोकापासून हवी तेवढी अक्षरे उचलण्याचे काम LEFT करते. D2 मध्ये लिहा:

```
=LEFT(B2,C2-1)
```

`bhima.7b` मिळाले. हा 'वजा एक' माझे विद्यार्थी दरवर्षी विसरतात आणि `bhima.7b@` असे शेपूट लागलेले नाव घेऊन येतात.

उजव्या तुकड्यासाठी एकूण लांबी हवी. ती LEN सांगते, आणि येथे ती २० आहे. कुंपण नवव्या खुणेवर आहे, म्हणून त्याच्या पलीकडे २० वजा ९, म्हणजे ११ अक्षरे उरतात. उजव्या टोकापासून तेवढीच उचला. E2 मधील सूत्र असे:

```
=RIGHT(B2,LEN(B2)-C2)
```

आता `example.org` दिसेल. येथे मात्र 'वजा एक' का नाही? डोमेन दहाव्या खुणेपासून विसाव्या खुणेपर्यंत आहे. २० मधून १० वजा केले तर १० येतात, पण दहावे अक्षर स्वतःसुद्धा मोजायचे असल्याने अक्षरे अकरा होतात. आपण दहाऐवजी नऊ वजा केले, तेव्हा ती दुरुस्ती आपोआपच झाली. अंगणाच्या कडेला दर मीटरला एक याप्रमाणे दहा मीटरपर्यंत खांब रोवले तर खांब अकरा लागतात, त्याच जातीचा हा हिशेब आहे.

B2, C2, D2 आणि E2 या चार चौकटी एकदम निवडून खाली ओढा. प्रत्येक ओळीत क्रमांक आपोआप बदलतील आणि सर्व पत्त्यांचे तुकडे पडतील. पडताळा घ्यायचा तर एका ओळीत तुकड्यांची बेरीज करून पाहा. आठ, कुंपणाचे एक आणि अकरा मिळून वीस. एकही अक्षर हरवले नाही. पण या पडताळ्यावर फार विसंबू नका. आपले सूत्र चुकले असेल तर तो सांगेल. पत्ता चुकला असेल तर तो गप्प बसेल. `nira@exmaple.org` चे तुकडेही तितकेच व्यवस्थित पडतात आणि बेरीजही जुळते.

मग ती चूक पकडायची कशी? तुकडे करण्याचा खरा फायदा येथे आहे. डाव्या तुकड्यात कोणीही काहीही लिहू शकतो. `nira` बरोबर की `neera` बरोबर, हे यादी पाहून सांगता येत नाही. उजवा तुकडा मात्र सामाईक असतो. शेकडो मुले मिळून मोजकीच डोमेने वापरतात. तेव्हा जे डोमेन यादीत एकदाच आले आहे, ते संशयित. F2 मध्ये लिहा आणि खाली ओढा:

```
=COUNTIF(E:E,E2)
```

E स्तंभात E2 मधील मजकूर किती वेळा आला आहे, ते हे सूत्र मोजते. आपल्या छोट्या यादीत पहिल्या तीन ओळींपुढे ३ येतील आणि `exmaple.org` पुढे १. कोयनेचे डोमेन मोठ्या लिपीत असूनही इतरांत मोजले गेले, हे पाहिलेत ना? COUNTIF इंग्रजीची मोठी व लहान लिपी वेगळी मानत नाही आणि डोमेनच्या बाबतीत टपालही ती मानत नाही, त्यामुळे येथे काही बिघडत नाही.

आमच्या शिबिराच्या यादीवर मी हेच केले, तेव्हा १ हा आकडा सात ठिकाणी आला. त्यांपैकी चार डोमेने खरीच वेगळी होती. कोणाच्या वडिलांच्या कचेरीचे, कोणाच्या शाळेचे. उरलेल्या तीन चुका होत्या आणि त्यांत वर्णपटदर्शकवाली मुलगी होती. म्हणून १ दिसला की पत्ता लगेच 'दुरुस्त' करू नका. ते फक्त बोट दाखविणे आहे. खात्री विचारूनच करायची. उलट बाजूही ध्यानात असू द्या. दोन मुलांनी नेमकी एकच चूक केली, तर दोघांपुढेही २ येईल आणि तुमची नजर पुढे सरकेल. लहान आकडे सगळेच पाहावेत.

आता एक फसवी गोष्ट. A6 मध्ये `koyna@example.org` लिहा आणि शेवटी एकदा मोकळ्या जागेची कळ दाबा. पडद्यावर काहीच दिसणार नाही. B पासून F पर्यंतची सूत्रे सहाव्या ओळीत ओढा. E6 मध्येही `example.org` च दिसेल, पण F6 मध्ये ४ यायच्या ऐवजी १ येईल. दोन शब्द डोळ्यांना सारखे दिसतात आणि संगणक म्हणतो की ते वेगळे आहेत. अशा वेळी संगणकावर रागावण्यापूर्वी लांबी विचारावी. `=LEN(E6)` चे उत्तर १२ येईल, अकरा नव्हे. व्हर्निअर कॅलिपरचे जबडे पूर्ण मिटूनही शून्यावर शून्य येत नाही, तसाच हा शून्यदोष आहे. डोळ्यांना न दिसणारे एक अक्षर शेवटी चिकटले आहे.

ते काढून टाकण्यासाठी TRIM नावाचे सूत्र आहे. ते मजकुराच्या दोन्ही टोकांच्या रिकाम्या जागा छाटते. पण एक रिकामी जागा त्यालाही दाद देत नाही. वेब पानांवरून नक्कल केलेल्या मजकुरात पुष्कळदा एक वेगळ्या जातीची, 'न तुटणारी' जागा येते. ओळ तेथे मोडू नये म्हणून ती वापरतात. दिसायला ती साध्या जागेसारखीच, पण तिचा संकेतांक वेगळा. साधी जागा ३२ क्रमांकाची, ही १६० क्रमांकाची. शेवटचे अक्षर कोणते आहे अशी शंका आली, तर थेट क्रमांकच विचारा:

```
=UNICODE(RIGHT(A6,1))
```

तुम्ही कळ दाबून लिहिलेल्या जागेसाठी ३२ येईल. १६० आले, तर पाहुणा बाहेरून आला आहे. दोन्ही जातींचा बंदोबस्त करण्यासाठी B2 मधील `=A2` खोडून त्या जागी हे लिहा आणि खाली ओढा:

```
=TRIM(SUBSTITUTE(A2,UNICHAR(160)," "))
```

SUBSTITUTE आधी प्रत्येक १६० क्रमांकाच्या जागी साधी जागा ठेवते आणि मग TRIM टोके छाटते. क्रम उलटा केला तर टोकाची जागा तशीच राहील. का ते विचार करून पाहा. B स्तंभ सुरुवातीलाच वेगळा ठेवल्याने C, D, E मध्ये एका अक्षराचाही बदल करावा लागला नाही. F6 मध्येही आता ४ दिसेल.

यानंतर उरतात ते मुळात पत्तेच नसलेले पत्ते. कोणी `krishna.example.net` एवढेच लिहितो आणि कुंपण विसरतो. FIND ला @ सापडत नाही आणि C मध्ये `#VALUE!` ही आरोळी उमटते. काही जण ती झाकून चौकट कोरी दिसेल अशी व्यवस्था करतात. मला ते पटत नाही. पान स्वच्छ दिसते खरे, पण कृष्णेला पत्र जात नाही ते नाहीच. कुंपण नसणे परवडले, कारण ते ओरडून सांगते. कुंपणे दोन असली तर मात्र कोणीही ओरडत नाही. एका मुलाने आपला आणि भावाचा, असे दोन पत्ते एकाच चौकटीत भरले होते:

```
pavana@example.org, mula@example.net
```

FIND डावीकडून शोधत जाते आणि पहिले @ भेटताच थांबते. त्यामुळे D मध्ये `pavana` हे अगदी बरोबर नाव दिसते आणि E मध्ये `example.org, mula@example.net` हा सगळा गाडा. म्हणून तुकडे करण्यापूर्वी कुंपणे मोजावीत. पण मोजायची कशी? 'अमुक अक्षर किती वेळा आले' हे सांगणारे साधे सूत्र नाही. येथे प्रयोगशाळेतील युक्ती कामी येते. बाटलीतून काढलेल्या मिठाचे वजन हवे असेल, तर आपण आधी मिठासकट बाटली तोलतो, मग मीठ काढून तोलतो आणि फरक घेतो. तसेच आधी पूर्ण पत्त्याची लांबी घ्या, मग सारी @ काढून टाकून पुन्हा लांबी घ्या. जेवढी घट, तेवढी कुंपणे. G2 मध्ये लिहा:

```
=LEN(B2)-LEN(SUBSTITUTE(B2,"@",""))
```

साध्या पत्त्यासाठी १, कृष्णेसाठी ०, पवनेच्या ओळीत २. मग C2 मधील सूत्र थोडे वाढवा, म्हणजे एकच कुंपण असेल तेव्हाच ते पुढे जाईल:

```
=IF(G2=1,FIND("@",B2),"तपासा")
```

'तपासा' आलेल्या ओळीत D आणि E मध्ये `#VALUE!` उमटेल, कारण शब्दातून एक वजा होत नाही. तो दोष नव्हे; आपल्याला तेच हवे आहे. नियमाने पाहिले तर अवतरणचिन्हांत घातलेल्या नावामध्ये @ चालते, आणि अशा पत्त्यात शेवटचे @ हे खरे कुंपण असते. परंतु एवढ्या वर्षांत कोणत्याही यादीत असा पत्ता माझ्या पाहण्यात आलेला नाही. पूर्वी सांगितलेले 'तपासा' त्यालाही पुरेसे आहे.

ज्यांच्याकडे नवे एक्सेल आहे त्यांना मोजणीची गरज राहिलेली नाही. २०२२ सालापासून त्यात `=TEXTBEFORE(B2,"@")` आणि `=TEXTAFTER(B2,"@")` अशी दोन सूत्रे आली आहेत. ती कुंपणाच्या अलीकडचा व पलीकडचा मजकूर थेट देतात. जुन्या एक्सेलमध्ये ती लिहिलीत तर `#NAME?` असे उत्तर येते, कारण त्याला ही नावे ठाऊकच नसतात. आमच्या प्रयोगशाळेतील संगणक जुनेच आहेत, तेव्हा आम्ही LEFT आणि RIGHT वरच भागवतो.

एक गंमत सांगायची राहिली. पत्त्यात देवनागरी अक्षरे असली तर? हा प्रश्न काल्पनिक नाही. `.भारत` ने संपणारी देवनागरी डोमेने २०१४ पासून मिळू लागली आहेत. एका चौकटीत `=LEN("भीमा")` लिहून पाहा. आपण म्हणू, अक्षरे दोन. संगणक म्हणतो चार! तो 'भ' वेगळा मोजतो, त्याची दीर्घ वेलांटी वेगळी, 'म' वेगळा आणि काना वेगळा. मग आपली सूत्रे कोलमडतील का? नाही. FIND, LEN, LEFT आणि RIGHT हे चौघे एकाच पट्टीने मोजतात. कुंपणाचा क्रमांक त्या पट्टीवर वाढला, तर उचलायच्या अक्षरांची संख्याही तेवढीच वाढते, आणि तुकडा कुंपणापाशीच पडतो. 'पहिली तीन अक्षरे द्या' असे आकडा ठोकून सांगितलेत तर मात्र 'भीम' एवढेच हाती येईल.

एवढे करूनही ही सूत्रे काय सांगत नाहीत, तेही लक्षात ठेवा. `bhima.7b` नावाची टपालपेटी खरोखर आहे की नाही, ते पट्टीवर मोजून कळत नाही. तिथे पत्र पाठवून उत्तराची वाट पाहणे हाच प्रयोग. यंदाच्या शिबिरात आम्ही प्रत्येकाला आधी एक छोटे पत्र पाठवून 'मिळाले' एवढे उत्तर मागविले आणि तीन दिवसांत ज्यांचे उत्तर आले नाही, त्यांना फोन केला. वर्णपटदर्शकवाल्या मुलीचे उत्तर पहिल्या तासातच आले.

जाता जाता एक काम तुमच्याकडे सोपवितो. पवना आणि मुळा या दोघींचा पत्ता ज्या चौकटीत आहे, त्या चौकटीतून मुळेचा पत्ता वेगळा काढणारे सूत्र लिहा. कुंपण म्हणून या वेळी @ नव्हे, स्वल्पविराम घ्या. आणि स्वल्पविरामानंतर एक रिकामी जागा आहे, ती विसरू नका. तुमचे सूत्र बरोबर असेल, तर उत्तराची लांबी १६ भरेल.